प्रेसच्या पाकिटातली शेवटची ओळ

जगाची दुसरी लढाई संपली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आम्ही पूर्णेच्या वाळूवर मुक्काम टाकला होता. किती दिवस, ते वहीत होतं. आता मला ते सगळे दिवस म्हणजे एकच सकाळ वाटते. पाण्यावरनं धुकं उठायचं. त्यातनं आधी बैलांची शिंगं दिसायची, मग घंटा ऐकू यायच्या आणि बैल सगळ्यात शेवटी. आज त्या जागेवर सिद्धेश्वरच्या धरणाचं पाणी आहे. वाळू खाली गेली. मी सांगतो ते खोटं म्हणणाऱ्यानं बुडी मारून बघून यावं.

मी मूळचा शिरड शहापूरचा. शाळा तिसरीपर्यंत. पुढं मुंबईला एका फिल्म कंपनीत सुतारखात्यात लागलो आणि हळूहळू बाहेरगावच्या शूटिंगचा बंदोबस्त माझ्याकडं आला. तंबू, बैल, माणसं, पाणी, परवाने, सगळं मी बघायचो. रोज संध्याकाळी एक रिपोर्ट भरायचा असे. तारीख, जागा, आभाळ कसं होतं, सोबत कोण होतं, काम किती झालं, फिल्म किती फूट गेली. त्याच्या खाली ‘मोडतोड’ आणि अगदी शेवटच्या ओळीत ‘गहाळ’. तो रिपोर्ट माझ्यासारखा कुणी भरत नव्हतं, हे आमचे डायरेक्टरसाहेबसुद्धा बोलून दाखवत.

ती फिल्म छोटी होती, तीनच रिळांची. त्यात हिरो नव्हता, गाणं नव्हतं. जुन्या काळी तांड्यातली माणसं बैलांवर मिठाच्या गोण्या लादून मुलूखभर फिरत, त्याची फिल्म. मुख्य काम एका म्हातारीचं होतं. नरसीच्या अलीकडं एक तांडा होता, तिथली ती. तांड्यात आईला याडी म्हणतात, म्हणून आम्ही सगळेच तिला याडी म्हणायचो. कॅमेऱ्यासमोर ती अशी चालायची, जसं तिच्या आणि नदीच्या मध्ये दुसरं काहीच उभं नाही. चांदीचा कागद लावलेल्या फळ्यांनी आम्ही तिच्या तोंडावर ऊन टाकायचो. तिनं एकदाही डोळे मिचकावले नाहीत.

फिल्म तयार झाली. उन्हाळ्यात परदेशातनं पत्र आलं, की तिकडं समुद्रकाठी फिल्मांची मोठी जत्रा भरणार आहे आणि आमची फिल्म तिथं घेतली आहे. पण नुसती फिल्म पाठवून भागत नव्हतं. तिकडच्या वर्तमानपत्रवाल्यांना वाटायला कागदांचं एक पाकीट पाहिजे होतं. त्यात कथेचा सारांश, फिल्म कशी काढली त्याची हकीकत, काम करणाऱ्यांची नामावली, मुख्य माणसांचे छोटे परिचय आणि फोटो. फोटोच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवायची, त्यात कोण आणि काय ते लिहायचं. सगळे कागद फिल्मच्या डब्यांबरोबर बोटीनं जायचे.

हे लिहायचं काम कंपनीच्या प्रसिद्धीखात्यातल्या साहेबांकडं. मोठे शिकलेले, पुण्याकडचे, चष्मा नेहमी कपाळावर. मला बोलावून म्हणाले, “तुमची ती वही आणा. हकीकत तुमच्या वहीतून काढू.”

मी वाचत गेलो, ते इंग्रजीत लिहीत गेले. मग त्यांनी मला लिहिलेलं मराठीत सांगितलं. त्यात एक वाघ होता.

मी म्हणालो, “साहेब, वाघ कुठून आला?”

“अहो, नदीकाठी जंगल असेल, तंबू असतील. एखादा वाघ येऊन गेला असेल की.”

“माझ्या वहीत न्हाई.”

“वाचणाऱ्याला जरा गंमत वाटते.”

“गंमत वाटायची तर कुत्रं लिवा. एक कुत्रं रोज येऊन डायरेक्टरसाहेबांच्या खुर्चीत बसत होतं. ते वहीत हाये.”

साहेब हसले आणि त्यांनी वाघ खोडून कुत्रं घातलं. वर मला दोन गोष्टी शिकवल्या. हकीकत आणि परिचय ‘तो, ती’ असं लिहायचं, ‘मी’ म्हणायचं नाही. आणि परिचय लहान ठेवायचा. पेपरवाला तो उचलून तसाच छापतो, जागा कमी पडली तर खालून कापतो. “वाचायची तसदी तो घेत नाही, बुवा. कात्री खालच्या बाजूनं लावतो. म्हणून मोलाचं असेल ते वर.” मी मान हलवली. मान हलवणं आणि ऐकणं ह्यात फरक असतो, ते माझ्या बाबतीत माझ्या घरच्यांना चांगलं ठाऊक होतं.

डायरेक्टरसाहेबांचा परिचय झाला, कॅमेरावाल्यांचा झाला, आवाजवाल्यांचा झाला. चौथा याडीचा. तिच्याबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं. साहेब म्हणाले, “तुमच्या मुलखातली बाई आहे. तुम्हीच जा आणि जन्म कुठं, काय काय केलं, ते लिहून आणा. पाच-सहा ओळी.”

मनमाडला गाडी बदलून, पूर्णेला बदलून हिंगोलीला उतरलो. आमची लाईन तेव्हा हिंगोलीलाच संपायची. रूळ पुढं थोडे गवतात जाऊन थांबलेले. तिथनं छकड्यानं तांड्यावर. दुपारचं ऊन असं होतं की लांबची झोपडी पाण्यात उभी असल्यासारखी हलत होती. याडी निंबाखाली गोधडी शिवत बसली होती, आणि तिची सून जात्यापाशी.

मी वही काढली. “याडी, जलम कुठं झाला तुझा?”

“मुक्कामावर.”

“कोणच्या गावी?”

“गाव म्हंजे? गाव मागं पडलं हुतं, पुढचं यायचं हुतं. चिंचंखाली झाला. आभाळ आलं हुतं म्हनं.” ती सुईत दोरा ओवत होती. “हे काहून इचारून राहिलास, बापू?”

मी सांगितलं, की फिल्म समुद्रापलीकडं चाललीय आणि तिथली माणसं विचारतील, ही बाई कोण. मुलखाचं नाव सांगितलं. सुई थांबली. जात्याची घरघर पण थांबली.

“त्या मुलखात?” याडी म्हणाली. “माझा ल्योक गेला तिथंच का?”

तेव्हा मला कळलं. तिचा थोरला लढाईत खेचरांच्या पलटणीत भरती झाला होता. बापजादे बैलांवर ओझी न्यायचे, हा डोंगरातनं खेचरांवर गोळे आणि भाकरी न्यायचा. मग सरकारी कागद आला होता, की लापता. त्याच्यानंतर काहीच नाही. लढाई संपली, पलटणी परत आल्या, हिंगोलीच्या टेशनावर कुणाकुणाचे मुलगे उतरले. ह्याचं ना जिवंत म्हणून काही आलं, ना मेला म्हणून.

“तिकडं लिवून टाक,” याडी म्हणाली, “की ह्या बाईचा ल्योक तुमच्याकडं ऱ्हायला हाये. असंल तर धाडून द्या. नसंल तर नसंल म्हनून सांगा. मी म्हातारी, मी वाट बघंन. हिनं किती बघायची?” तिनं सुनेकडं बोट केलं. सुनेच्या कानांवर सवाष्णीची घुगरी लोंबत होती. तिनं मान खाली घातली, तशी ती चांदीची घुंगरं हळू वाजली. “घुगरी घालते तर लोक बोलतात कोनासाठी, काढते तर मी रडते. मधीच लटकलं लेकरू.”

“लिवतो,” मी म्हणालो. “लिवणं माझं काम हाये.”

मोठ्या तोऱ्यात म्हणालो मी ते.

परतीच्या गाडीत लिहायला बसलो, तर सुचेना. परिचय कसा लिहितात मला काय ठाऊक? मला एकच लिहिणं येत होतं. खिडकीतनं शेतं मागं सरकत होती, डब्यात एक म्हातारा झोपेत कुणाला तरी हाक मारत होता, आणि मी गुडघ्यावर वही ठेवून रिपोर्ट भरला. शब्द अजून तोंडपाठ आहेत:

‘जन्म: मुक्कामावर, चिंचेखाली. आभाळ: ढगाळ. सोबत: आई, बाप, अकरा बैल. काम: मिठाच्या गोण्या वाहणे, पाच लेकरं वाढवणे, सडकेवर खडी फोडणे. मोडतोड: नवरा, दोन मुली. गहाळ: थोरला मुलगा, खेचरांच्या पलटणीत, ह्याच मुलखात. कुणास ठावं असल्यास कळवावे.’

‘मुलगा’पुढं त्याचं नाव आणि पलटणीचा नंबर होता. ते इथं नको.

साहेबांनी वाचलं. मला वाटलं हसतील. त्यांनी चष्मा कपाळावरनं खाली घेतला, पुन्हा वाचलं, आणि उठून खिडकीपाशी गेले. डायरेक्टरसाहेबांना बोलावलं. त्यांनीही वाचलं आणि म्हणाले, “ह्यातलं काही बदलू नका. असंच जाऊ दे.”

साहेब मला म्हणाले, “एकच करू. ही शेवटची ओळ वर घेऊ. पहिली. तुम्हाला मी कात्रीचं सांगितलं होतं.”

“गहाळ शेवटीच असतं, साहेब.”

“तुमच्या रिपोर्टात असेल. हा परिचय आहे.”

“ह्याच रिपोर्टाला तुमी आत्ता चांगलं म्हनलात. आधी माणूस जन्मतंय, काम करतंय, मग हरवतंय. वर कसं घ्यायचं? दिवस निघायच्या आधी हत्यारं गहाळ झाली असं कुणी लिवतं का?”

“अहो, हट्ट करू नका. त्या बाईचं काम आहे हे.”

“बाईनं मला सांगितलंय. तुमाला न्हाई.”

डायरेक्टरसाहेब हसून म्हणाले, राहू द्या त्यांचं. मी जिंकलो. आज विचार करतो, की त्या घडीला माझ्या डोक्यात याडी नव्हतीच. तिसरी शिकलेल्या माणसाचं लिहिणं शिकलेल्या माणसानं हलवायचं नाही, एवढंच होतं. साहेबांनी ओळ न ओळ तशीच इंग्रजीत केली. टायपिस्टानं मेणकागदावर टाइप केलं, रोलर फिरवून साठ प्रती काढल्या. शाईचा वास दोन दिवस माझ्या बोटांना होता. दुसऱ्या एकाकडनं तिकडच्या भाषेतही करून घेतलं. मी स्वतः बसून फोटोंच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवल्या. चाळीस पाकिटं बोटीवर चढली. धक्क्यावर उभा राहून मला वाटलं, तांड्याचं ओझं परत एकदा निघालं.

दिवाळीच्या सुमाराला तिकडनं कात्रणं आली. चार वर्तमानपत्रांत याडीचा फोटो होता! सगळी कंपनी गोळा झाली. मला ती लिपी कळत नव्हती. साहेबांनी वाचू शकणारा एक पाद्री गाठला होता, त्यानं सांगितलेलं त्यांनी पेन्सिलीनं शेजारी लिहून आणलं होतं. “‘आभाळ: ढगाळ’ चारही जणांनी छापलंय,” ते म्हणाले. “फार आवडलंय त्यांना.”

“आणि ल्योक?”

साहेबांनी कात्रणं एकेक करून माझ्यापुढं सरकवली. पहिल्या पेपरात परिचय बैलांपर्यंत. दुसऱ्यात खडीपर्यंत. तिसऱ्यातही तेवढाच. चौथ्यात सगळ्यात जास्त आला होता, ‘नवरा, दोन मुली’ इथपर्यंत. मग पूर्णविराम आणि खाली साबणाची जाहिरात.

साहेबांनी मला टोचून बोलायला हवं होतं. ते बोलले असते तर मी भांडलो असतो आणि बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, “वीस प्रती आहेत अजून कपाटात.”

मी त्या वीस प्रती, मागं याडीचा फोटो जोडलेल्या, पिशवीत घातल्या आणि हिंगोलीची गाडी धरली. जाताना किती वेळा ठरवलं, की पेपरवाल्यांना नावं ठेवायची. परदेशी माणसं, त्यांना काय लेकराची कदर. तांड्यावर पोचलो तेव्हा सकाळचं धुकं होतं. याडी शेळीची धार काढत होती. तिनं आधी फोटो बघितला, सुनेला दाखवला, शेजारणीला दाखवला. “ही म्हातारी कोन?” म्हणून स्वतःच हसली. मग विचारलं, “ल्योकाचं कुठं लिवलंय ह्यात?”

“न्हाई ह्यात,” मी म्हणालो. “मी ते सगळ्यात खाली लिवलं हुतं. ते खालून कापतात. मला सांगितलं हुतं साहेबानं वर घे म्हनून. मी ऐकलं न्हाई.”

असं वाक्य मी आयुष्यात त्याआधी कुणापुढं बोललो नव्हतो. धुक्यात कुठंतरी एक बैल मान हलवत होता. घंटा ऐकू यायची, बैल दिसत नव्हता. शेळीचं दूध भांड्यात पडायचं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

“तुला अक्कल न्हाई,” याडी म्हणाली.

“न्हाई.”

“पिशवीत काय हाये?”

मी प्रती काढल्या. तिनं एक हातात घेऊन उलटीसुलटी केली. “ह्याच्यात हाये त्यो?”

“ह्याच्यात हाये. पुरा.”

“मग घरात कशाला ठिवायच्या? माल लादला की चालाय लागायचं.”

त्याच दिवशी आम्ही तिघं, याडी, सून आणि मी, हिंगोलीच्या बाजारात गेलो. तिथं ओळखीचे एक कापडवाले चाचा होते. त्यांच्या घरचे दोघं फौजेत होते, म्हणून त्यांना पलटणींचे पत्ते ठाऊक. त्यांनी दुकान अर्धं बंद केलं, गादीवर जागा केली. प्रत्येक प्रतीवर मी शेवटच्या ओळीखाली निळ्या पेन्सिलीनं रेघ मारली. चाचांनी प्रत्येकीला उर्दूत दोन ओळींचा रुक्का जोडला. खेचरांच्या पलटणीचा डेपो, फौजेचं दफ्तर, जखमींची इस्पितळं, बंदरावरचं ऑफिस.

“बहन, इत्ते कागद काहे कू?” चाचांनी विचारलं.

“एक बैल वाटंत बसला तर दुसरा जातो,” याडी म्हणाली. सुनेनं पाकिटांना डिंक लावला. तिच्या बोटांना चिकटलेला कागदाचा तुकडा ती घरी जाईपर्यंत काढत होती.

हिवाळा गेला. उन्हाळ्यात, मुंबईत, दारावरच्या पठाणानं मला निरोप दिला की कुणी भेटायला आलंय. प्रत्येक प्रतीवर तळाला कंपनीचा पत्ता छापलेला होता, चौकशीसाठी. तो पत्ता धरून एक माणूस आला होता. औरंगाबादेकडचा मुसलमान, तिशीचा, डाव्या पायानं लंगडत. त्याच्या हातात आमची प्रत, निळी रेघ अजून ताजी. डेपोत तो आपल्या कागदांसाठी गेला होता. तिथल्या बाबूनं ती भिंतीवर लावली होती. फोटोतला तोंडवळा ओळखीचा वाटून तो थांबला आणि बाबूनं मुलाचं नाव वाचून दाखवलं.

“मैं उसके संग था,” तो म्हणाला. पुढं मी काही विचारलं नाही. काय झालं ते त्याच्या तोंडावर होतं.

त्याला घेऊन मी हिंगोलीला निघालो. देशभर त्या दिवसांत फाळणीची उलथापालथ चालली होती. आमच्या डब्यात तो आणि मी एकाच शिदोरीतल्या चपात्या खात होतो. मधेच म्हणाला, “वो बैलां की बात बोलता था. खच्चर कू बैल का नाम रखा था.” 

तांड्यावर निंबाखाली त्याला गोधडी घातली. याडी समोर बसली, सून झोपडीच्या दाराशी, पाठ करून. त्यानं सगळं सावकाश सांगितलं. डोंगर, चिखल, बर्फ. एक पूल. खेचर बिचकलं, ह्यानं कासरा सोडला नाही, आणि खेचर, ओझं, माणूस, तिन्ही नदीत गेले. पाणी लई होतं. दोन दिवस शोधलं. मिळालं नाही म्हणून कागदावर लापता. “मैंने देखा अम्मा. मेरी आँख के सामने. साहब कू बोला भी. पर फिर मैं खुद इस्पताल में पड़ गया.”

“कासरा सोडला न्हाई?” याडीनं विचारलं.

“नहीं छोड़ा.”

“त्याच्या बापाचं पन असंच हुतं.” मग तिनं विचारलं, “पानी कसं हुतं? थंड?”

त्यानं माझ्याकडं बघितलं.  “ठंडा था अम्मा,” तो म्हणाला.

दाराशी घुगरी वाजली. मग चांदी चांदीवर ठेवल्यासारखा बारीक आवाज आला, एकदा, आणि परत एकदा. सून वळली तेव्हा तिचे कान मोकळे होते. ती आत गेली, आणि त्या माणसासाठी तांब्याभर पाणी घेऊन आली. त्यानं दोन्ही हातांनी घेतलं. मग तांड्यातल्या बाया एकेक करून आल्या आणि रडणं सुरू झालं; दोन वर्षं अडलेलं रडणं ते. संध्याकाळपर्यंत चाललं. ऊन शेतावरनं निघून गेलं तरी कुणी उठलं नाही.

पुढच्या साली, निजामाचं राज्य संपलं त्याच्या नंतरच्या हिवाळ्यात, सुनेचं दुसरं लग्न लागलं. याडीनंच ठरवलं, लांबच्या नात्यातला चांगला नांगर धरणारा गडी होता. मी कंपनी सोडून गावी आलो होतो, मला बोलावणं होतं. सून निघाली तेव्हा याडी तिच्यासोबत तांड्याच्या शेवटच्या झोपडीपर्यंत चालत गेली, आणि तिथं उभी राहून, सुनेची बैलगाडी दिसेनाशी झाली तरी, मला एकेक वळण सांगत राहिली: आता ओढा लागंल, आता आंबा, आता चढ.